हप्त्याची फोड

दर महिन्याच्या 5 तारखेला चालू खात्यातून 22,244 रुपये वजा होतात. बँकेच्या उताऱ्यावर त्यासाठी एकच ओळ असते. हिशेब लिहिणारा ती ओळ पाहतो, ‘मशीनचा हप्ता’ असं लिहून खर्चात टाकतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. लहान कारखान्यांच्या आणि दुकानांच्या वह्यांत ही चूक वारंवार सापडते. त्या एका ओळीत खरं तर दोन व्यवहार आहेत. एक म्हणजे बँकेचा पैसा वापरल्याबद्दल दिलेलं व्याज, आणि दुसरा म्हणजे बँकेचाच पैसा तिला परत केला ते मुद्दल. व्याज हा धंद्याचा खर्च आहे. मुद्दल परत करणं हा खर्च नाही, कारण कर्ज मिळालं तेव्हा ते उत्पन्न म्हणून धरलं नव्हतं.

ही फोड वहीत कशी करायची ते एका उदाहरणावरून पाहू. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एक छोटं मशीन शॉप आहे असं समजा. मालकाने साडेबारा लाखांचं यंत्र घ्यायचं ठरवलं. अडीच लाख स्वतःचे घातले आणि दहा लाखांचं मुदत कर्ज घेतलं. व्याज वर्षाला 12 टक्के, तेही शिल्लक मुद्दलावर. फेड पाच वर्षांत, म्हणजे 60 हप्त्यांत. कर्ज 5 एप्रिल 2024 रोजी सुटलं आणि पहिला हप्ता 5 मेला गेला. यंत्रावरचा जीएसटी मालकाने स्वतःच्या खात्यातून भरला आणि त्याचं क्रेडिट घेतलं. तो हिशेब वेगळा असल्याने इथे आणत नाही.

पहिली अडचण हप्ता सुरू होण्याच्याही आधीची आहे. यंत्रासाठी कर्ज देताना बँक बहुतेक वेळा पैसे कर्जदाराच्या हातात देत नाही, थेट यंत्र विकणाऱ्याच्या खात्यात पाठवते. त्यामुळे मालकाच्या चालू खात्याच्या उताऱ्यावर दहा लाख कधी दिसतच नाहीत. दिसतात ते फक्त अडीच लाख. ज्याच्या वह्या केवळ बँकेच्या उताऱ्यावरून लिहिल्या जातात, त्याच्या वहीत यंत्र अडीच लाखांचं राहतं आणि कर्ज कुठेच नसतं. किंवा विक्रेत्याचं बिल पूर्ण नोंदवलेलं असतं आणि त्याच्या खात्यावर दहा लाखांचं देणं लोंबकळत राहतं. वर्ष उलटल्यावर एखाद्या विक्रेत्याला, त्याने कधी मागितले नसतानाही, नेमकी कर्जाएवढी रक्कम देणं दिसत असेल, तर कर्जाची नोंद राहून गेली आहे असं खुशाल समजावं.

ही नोंद बँक खात्याला स्पर्श न करता, रोजकीर्दीत करायची असते. आधी बिलाची: यंत्र खात्याच्या नावे साडेबारा लाख, विक्रेत्याच्या खात्यात जमा साडेबारा लाख. मग कर्जाची: विक्रेत्याच्या नावे दहा लाख, मुदत कर्ज खात्यात जमा दहा लाख. अडीच लाख चालू खात्यातून गेले, त्यांची साधी भरणा नोंद होते. आता विक्रेत्याचं खातं शून्यावर येतं, यंत्र पूर्ण किमतीला उभं राहतं आणि कर्ज ताळेबंदात देणं म्हणून दिसतं. टॅली वापरत असाल तर कर्जाचं खातं Secured Loans या गटात उघडा आणि कर्जाची ही नोंद F7 दाबून Journal व्हाउचरने करा. व्याजाचं खातं वेगळं हवं, Indirect Expenses या गटात. प्रत्येक कर्जाला स्वतंत्र खातं द्या. दोन गाड्या आणि एक यंत्र यांची तिन्ही कर्जं एकाच खात्यात घातली की पुढे त्यातलं काहीच कशाशी जुळवता येत नाही.

प्रक्रिया शुल्काचाही इथेच घोळ होतो. आपल्या उदाहरणात ते एक टक्का, म्हणजे दहा हजार रुपये, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 1,800 रुपये. काही कर्जांत पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात येतात आणि हे शुल्क आधीच कापलेलं असतं. खात्यात 9,88,200 रुपये जमा झालेले दिसतात, म्हणून कर्जही 9,88,200 चं लिहिलं जातं. बँकेच्या दृष्टीने मात्र कर्ज पूर्ण दहा लाखांचंच आहे आणि व्याज पहिल्या दिवसापासून दहा लाखांवर चालू होतं. तेव्हा कर्ज खात्यात दहा लाखच जमा करा, दहा हजार बँक शुल्कात टाका आणि 1,800 रुपये जीएसटी क्रेडिटच्या खात्यात. त्यासाठी तुमचा जीएसटी क्रमांक बँकेकडे नोंदलेला असायला हवा. तो नसेल तर ते क्रेडिट तुमच्या जीएसटीआर-2बी मध्ये येणार नाही आणि हातचं जाईल.

आता हप्ता. दहा लाख, वर्षाला 12 टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का. पहिल्या महिन्याचं व्याज सरळ दहा हजार रुपये. हप्ता 22,244 चा, म्हणून उरलेले 12,244 मुद्दलात गेले. शिल्लक कर्ज 9,87,756. दुसऱ्या महिन्याचं व्याज या नव्या शिलकेवर लागतं, ते 9,878 होतं. मुद्दलात 12,366 जातात आणि शिल्लक 9,75,390 उरते. तिसऱ्या महिन्यात व्याज 9,754 आणि मुद्दल 12,490. हप्ता तेवढाच राहतो, पण त्याच्या पोटातलं व्याज दर महिन्याला थोडं घटतं आणि मुद्दल तेवढंच वाढतं. शेवटच्या हप्त्यात व्याज सव्वादोनशे रुपयांच्या आसपास उरतं आणि बाकी सगळं मुद्दल असतं.

यामुळेच अर्धी मुदत संपली की मालक विचारतो, “साहेब, निम्मे हप्ते भरले, मग कर्ज निम्मं का नाही झालं?” तीस हप्ते भरल्यानंतरही आपल्या उदाहरणात सुमारे 5 लाख 74 हजार बाकी असतात. यात बँकेने काही लपवलेलं नाही. सुरुवातीला बँकेचा जास्त पैसा तुमच्याकडे असतो, म्हणून व्याजही सुरुवातीलाच जास्त जातं.

एक्सेलमध्ये ही फोड तीन सूत्रांनी निघते. पहिल्याने हप्ता, दुसऱ्याने पहिल्या महिन्याचं व्याज आणि तिसऱ्याने त्याच महिन्याचं मुद्दल:

```
=PMT(12%/12,60,-1000000)
=IPMT(12%/12,1,60,-1000000)
=PPMT(12%/12,1,60,-1000000)
```

कंसातला 1 हा महिन्याचा क्रमांक आहे. तो 2, 3, 4 असा बदलत गेलात की साठही महिन्यांचं पत्रक तयार होतं.

वहीत हप्ता लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत एकच नोंद होते: व्याज खात्याच्या नावे 10,000, मुदत कर्ज खात्याच्या नावे 12,244 आणि बँक खात्यात जमा 22,244. पद्धत बरोबर आहे, आणि पुष्कळ जण तीच वापरतात. पण मी दुसरी पद्धत सुचवतो, कारण बँक स्वतः कर्ज खातं तसंच लिहिते. आधी व्याज कर्जावर चढवायचं: व्याज खात्याच्या नावे 10,000, मुदत कर्ज खात्यात जमा 10,000. मग हप्ता पूर्णच्या पूर्ण कर्जातून उतरवायचा: मुदत कर्ज खात्याच्या नावे 22,244, बँक खात्यात जमा 22,244. शेवटची शिल्लक दोन्ही पद्धतींत सारखीच, 9,87,756. फरक ताळा जुळवताना कळतो. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं खातं आणि बँकेचा कर्ज खात्याचा उतारा शेजारी ठेवले की ओळीला ओळ जुळते. चूक असेल तर ती नेमकी कोणत्या महिन्यात शिरली, ते बोट ठेवून दाखवता येतं.

इथे चालू खात्याचा उतारा आणि कर्ज खात्याचा उतारा हे दोन वेगळे कागद आहेत, ते नीट लक्षात घ्या. चालू खात्याच्या उताऱ्यावर फक्त हप्ता दिसतो. व्याज किती लागलं ते कर्ज खात्याच्या उताऱ्यावर असतं. हा दुसरा कागद अनेक जण कधी मागतच नाहीत.

तो मागायलाच हवा, कारण एक्सेलचं पत्रक आणि बँकेचा प्रत्यक्ष हिशेब पैशाला पैसा जुळत नाही. पत्रकात प्रत्येक महिना वर्षाचा बारावा भाग धरलेला असतो. बऱ्याच बँका मात्र रोजच्या शिलकेवर व्याज काढतात आणि वर्षाचे 365 दिवस धरतात. 5 एप्रिल ते 5 मे हे तीस दिवस झाले. त्यांचं व्याज दहा हजार न होता 9,863 रुपये होतं. पुढचा महिना एकतीस दिवसांचा आहे. त्याचं व्याज 10,066 होतं, म्हणजे कर्ज कमी होऊनही व्याज वाढलेलं दिसतं. हे पाहून लोक घाबरतात, पण ती केवळ एका जास्तीच्या दिवसाची किंमत आहे. तेव्हा महिन्याचे आकडे हवे तर पत्रकावरून लिहा, पण वर्षअखेरीला बँकेच्या उताऱ्यातल्या व्याजाची बेरीज घ्या आणि फरक व्याज खात्यात टाकून कर्जाची शिल्लक बँकेशी जुळवा. फरक काही शे रुपयांचा असेल तर तो दिवसांच्या मोजणीचा असण्याचीच शक्यता अधिक. तो हजारांत गेला तर कुठेतरी दर बदलला आहे, हप्ता परत गेला आहे किंवा काही शुल्क लागलं आहे.

दर बदलणं तर आता नेहमीचंच झालं आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बदलत्या दराने दिलेली नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.50 टक्क्यांवरून 6.25 वर आणला. आपल्या मालकाचं कर्ज तसं जोडलेलं असेल, तर साडेआठ लाखांच्या शिलकेवर महिन्याला 179 रुपयांच्या आसपास व्याज कमी लागेल. हप्ता तोच राहिला तर तेवढं मुद्दल जास्त फिटेल. जुनं पत्रक त्या दिवसापासून निरुपयोगी ठरतं. दर बदलल्याचा निरोप आला की बँकेकडून नवं परतफेड पत्रक मागून घ्यावं.

आता वर्षअखेरीकडे येऊ. 31 मार्च 2025 पर्यंत अकरा हप्ते गेले, एकूण 2,44,684 रुपये. पत्रकाप्रमाणे त्यातलं व्याज 1,03,060 आणि मुद्दल 1,41,624. कर्जाची शिल्लक 8,58,376. या एका वर्षावर चुकांचा परिणाम पाहिला म्हणजे फोड का करायची ते स्पष्ट होतं.

ज्याने पूर्ण हप्ता खर्चात टाकला, त्याने नफा 1,41,624 रुपयांनी कमी दाखवला. कर्ज मात्र त्याच्या वहीत अजून दहा लाखांवरच थांबलेलं आहे. शिवाय यंत्रावर तो घसारा घेतच असतो. म्हणजे त्याच यंत्राची किंमत तो दोनदा खर्चात धरतो, एकदा घसारा म्हणून आणि एकदा हप्ता म्हणून. आयकर खात्यापुढे ही वजावट टिकत नाही. तपासणीत निघाली तर कर, व्याज आणि दंड असं तिन्ही मागे लागतं.

ज्याने उलट केलं, म्हणजे पूर्ण हप्ता कर्ज खात्यातून वजा केला, त्याचं नुकसान वेगळं आहे. त्याने लाखाच्या वर खरा खर्च सोडून दिला आणि नसलेल्या नफ्यावर कर भरला. त्याच्या वहीत कर्ज 7,55,316 दिसतं. ही चूक कोणी पकडली नाही तर तिचा एक ठळक पुरावा पुढे आपोआप समोर येतो. पंचेचाळिसाव्या हप्त्याला त्याचं कर्ज खातं संपतं आणि हप्ते मात्र आणखी पंधरा महिने चालूच राहतात. वहीप्रमाणे मग बँकच त्याचं देणं लागते!

तिसरी चूक वरवर शहाणपणाची वाटते. साठ हप्त्यांचं एकूण व्याज 3,34,640 रुपये आहे, म्हणून त्याला साठाने भागायचं आणि दर महिन्याला 5,577 रुपये व्याज लिहायचं. बेरीज शेवटी जुळते, पण प्रत्येक वर्ष चुकतं. पहिल्या वर्षाचं व्याज एक लाखाऐवजी 61 हजारांवर येतं आणि कर्जाची शिल्लक बँकेच्या आकड्याशी साठाव्या हप्त्यापर्यंत एकदाही जमत नाही.

वर्षअखेरीची आणखी एक नोंद राहून जाते. शेवटचा हप्ता 5 मार्चला गेला. त्यानंतर 31 मार्चपर्यंतच्या 27 दिवसांचं व्याज चढलं आहे, ते भरायचं आहे 5 एप्रिलला. 8,58,376 रुपयांवर रोजचं व्याज सुमारे 282 रुपये, म्हणून 27 दिवसांचं 7,620. हा खर्च याच वर्षाचा आहे. व्याज खात्याच्या नावे 7,620 आणि ‘देणे व्याज’ या खात्यात जमा 7,620. मात्र ही नोंद करण्याआधी कर्ज खात्याचा उतारा बघा. काही बँका हप्त्याच्या तारखेची वाट न पाहता महिनाअखेरीलाच व्याज नावे टाकतात. तसं असेल तर मार्चअखेरचं व्याज उताऱ्यात आधीच आलेलं असतं, आणि तुम्ही वेगळी नोंद केलीत तर ते दोनदा धरलं जाईल.

या न भरलेल्या व्याजाला आयकर कायदा, 1961 चं कलम 43बी लागू होतं. बँकेच्या कर्जावरचं व्याज प्रत्यक्ष भरल्यावरच वजावट म्हणून मिळतं. 31 मार्चला देणं असलेलं व्याज विवरणपत्र भरण्याच्या मुदतीच्या आत भरलं तरी त्याच वर्षी धरता येतं. आपल्या उदाहरणातले 7,620 रुपये 5 एप्रिलला जाणारच आहेत, म्हणून प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न येतो तो हप्ते थकतात तेव्हा. थकलेलं व्याज बँकेने मूळ कर्जात मिळवून नवं कर्ज करून दिलं, तर कायदा ते भरलं असं मानत नाही. वहीत तो खर्च दिसतो, पण ते नवं कर्ज प्रत्यक्ष फिटेपर्यंत करात वजावट मिळत नाही. यंत्राच्या बाबतीत दुसरी एक मर्यादा आहे. यंत्र सुरू होण्याआधीच्या काळाचं व्याज खर्चात जात नाही, ते यंत्राच्या किमतीत मिळवावं लागतं. यंत्र येऊन महिनाभर वीजजोडणीसाठी पडून राहिलं, तर त्या महिन्याचं व्याज यंत्र खात्याच्या नावे टाकायचं.

कर्ज बँकेऐवजी बिगरबँक वित्त कंपनीचं असेल, तर आणखी एक जबाबदारी येते, आणि ती फोड केल्याशिवाय पार पाडताच येत नाही. बँकेला दिलेल्या व्याजावर टीडीएस कापावा लागत नाही. वित्त कंपनीला दिलेल्या व्याजावर मात्र कापावा लागतो, दहा टक्के. एकट्या मालकाच्या धंद्याला हे बंधन आधीच्या वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर असेल तर लागू होतं. वर्षातल्या व्याजाची मर्यादा 2024-25 मध्ये पाच हजार रुपये होती, 1 एप्रिल 2025 पासून ती दहा हजार झाली. अडचण अशी की हप्ता खात्यातून आपोआप पूर्ण कापला जातो, टीडीएससाठी हात राखायला जागाच नसते. म्हणून व्यवहारात टीडीएस आपल्या खिशातून सरकारजमा करतात, तो ‘वित्त कंपनीकडून येणे’ असा लिहितात आणि फॉर्म 16ए पाठवून कंपनीकडून परत मागतात. हे केलं नाही तर त्या व्याजाच्या 30 टक्के रकमेची वजावट नाकारली जाते. पूर्ण हप्ता एकाच खात्यात टाकणाऱ्याला व्याज किती हेच ठाऊक नसतं, मग टीडीएस कशावर कापणार?

एखादा हप्ता परत गेला तर त्या महिन्याचं व्याज तरीही कर्ज खात्यात चढवायचंच. हप्ता भरला नाही म्हणून व्याज थांबत नाही. दोन नोंदींच्या पद्धतीत हे आपोआप बरोबर होतं, कर्जाची शिल्लक वाढलेली दिसते आणि ती खरीच वाढलेली असते. उशिराबद्दल लागणारा दंड वेगळ्या खात्यात लिहा. एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हा दंड व्याजदरात न मिळवता स्वतंत्र शुल्क म्हणून आकारायचा असतो, आणि त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. तुमच्या वहीत तो वेगळा दिसला तरच बँकेने नियम पाळला की नाही हे तुम्हाला तपासता येईल.

ताळेबंद मांडताना 8,58,376 रुपयांचे दोन भाग पडतात. पुढच्या बारा महिन्यांत फिटणारं मुद्दल 1,73,246 रुपये, हे चालू देण्यात जातं. उरलेलं 6,85,130 दीर्घ मुदतीचं देणं राहतं. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायला जाल तेव्हा बँकेचा अधिकारी हीच विभागणी पाहतो, कारण येत्या वर्षात धंद्यातून किती पैसा बाहेर जाणार आहे ते त्याला त्यावरून कळतं.

म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन कागद बँकेकडून आठवणीने मागा: वर्षभराचा कर्ज खात्याचा उतारा आणि व्याजाचं प्रमाणपत्र. वहीतली 31 मार्चची शिल्लक त्या उताऱ्याच्या शेवटच्या ओळीशी ताडून पाहा, आणि रुपयाचाही फरक निघाला तर तो सापडेपर्यंत ते वर्ष बंद करू नका.